स्टेशनवरचं वाय-फाय आणि मागितलेला ओटीपी

गाडी तासभर उशिरा आहे अशी घोषणा झाली की फलाटावरचे निम्मे अंगठे मोबाइलच्या वाय-फाय यादीकडे वळतात. पुणे असो, मिरज असो की नागपूर, त्या यादीत RailWire हे नाव बहुधा असतंच. रेल्वेची रेलटेल ही कंपनी आणि गूगल यांनी मिळून जानेवारी 2016 मध्ये मुंबई सेंट्रलला ही सेवा सुरू केली. 2020 मध्ये गूगलने यातून अंग काढून घेतलं, पण रेलटेलने ती चालू ठेवली आणि वाढवत सहा हजारांहून जास्त स्टेशनांपर्यंत नेली. रोजची पहिली 30 मिनिटं फुकट, पुढे पैसे भरून. नावावर टिचकी मारली की एक पान उघडतं, ते मोबाइल नंबर मागतं, त्या नंबरावर ओटीपी येतो, तो भरला की इंटरनेट सुरू.

हा ओटीपी कंपनीची हौस म्हणून आलेला नाही. सार्वजनिक वाय-फाय वापरणारा माणूस कोण होता याची नोंद राहिली पाहिजे, असे निर्देश दूरसंचार विभागाने 2009 मध्ये दिले. तेव्हापासून आपल्याकडे फुकट वाय-फाय म्हणजे नंबर आणि ओटीपी हे समीकरण बसलं. विमानतळ, मॉल, हॉटेल, बऱ्यापैकी मोठा कॅफे, सगळीकडे तेच. या सवयीकडे पुन्हा यायचं आहे, कारण माझ्या मते आजचा खरा धोका तिथेच आहे. पण त्याआधी जुन्या भीतीचा हिशेब करू.

‘सार्वजनिक वाय-फायवर बँकेचं काम करू नका, शेजारी बसलेला पासवर्ड चोरेल’ हा सल्ला सगळ्यांनी ऐकलेला असतो. तो एके काळी शब्दशः खरा होता. ऑक्टोबर 2010 मध्ये एरिक बटलर नावाच्या अमेरिकी प्रोग्रॅमरने फायरशीप नावाचं एक छोटं साधन सगळ्यांसाठी खुलं केलं. ते फायरफॉक्स ब्राउझरला जोडायचं, कॅफेत बसायचं आणि एक बटण दाबायचं. त्याच वाय-फायवर फेसबुक किंवा ट्विटर उघडून बसलेल्या लोकांची नावं, फोटोंसकट, ब्राउझरच्या कडेला उगवायला लागायची. नावावर दोनदा क्लिक केलं की तुम्ही त्या माणसाच्या खात्यात. पासवर्ड लागायचाच नाही.

हे जमायचं कारण असं. त्या काळी बऱ्याच साइट फक्त पासवर्ड टाकायचं पान कूटबद्ध, म्हणजे वाटेत कुणाला वाचता येणार नाही असं पाठवायच्या. एकदा आत गेलात की साइट तुमच्या ब्राउझरला एक ओळखचिठ्ठी द्यायची आणि नंतरच्या प्रत्येक पानाबरोबर ती चिठ्ठी हवेतून उघडी जायची. ती उचलली की साइटच्या लेखी तुम्ही आणि उचलणारा एकच. बटलरचा उद्देश चोरीचा नव्हता. कंपन्या ढिम्म होत्या, त्यांना लाज वाटावी म्हणून त्याने हे केलं. आणि वाटलीही. फेसबुकने 2013 पर्यंत सगळ्यांसाठी संपूर्ण साइट https वर नेली. 2015 च्या अखेरीस लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेने त्यासाठी लागणारी प्रमाणपत्रं फुकट द्यायला सुरुवात केली, त्यामुळे छोट्या साइटनाही सबब उरली नाही. जुलै 2018 पासून क्रोम ब्राउझर साध्या http पानावर ‘Not secure’ असा शेरा मारायला लागला.

आज तुम्ही फलाटावरून बँकेची साइट उघडता तेव्हा फोन आणि बँकेचा सर्व्हर यांच्यामधला मजकूर कूटबद्ध असतो. शेजारच्या बाकावरच्या माणसाला, कॅफेच्या मालकाला किंवा रेलटेललाही तो वाचता येत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा ग्राहकांसाठीचा सल्लाही आता बदलला आहे: कूटबद्धता सर्वत्र पसरल्यामुळे सार्वजनिक वाय-फाय सहसा सुरक्षित असतं, असं ते सांगतात. मग उघडं काय राहतं? तुम्ही कोणत्या साइटवर गेलात तिचं नाव बहुतेक वेळा दिसतं. म्हणजे तुम्ही अमुक बँकेच्या साइटवर होता हे कळेल. शिल्लक किती, पासवर्ड काय, हे कळणार नाही. टपालासारखंच म्हणा ना: पाकिटावरचा पत्ता पोस्टमनला दिसतो, आतलं पत्र नाही.

जाता जाता कॅफेतल्या पासवर्डबद्दल. फळ्यावर खडूने पासवर्ड लिहिलेला असला की लोकांना वाटतं हे ‘सुरक्षित’ वाय-फाय आहे. बहुतेक कॅफेंमधल्या WPA2 पद्धतीत तो पासवर्ड ज्याला ठाऊक आहे तो, तुमचा फोन जोडला जातानाचा संवाद टिपून, वाय-फायच्या पातळीवरचं कुलूप उघडू शकतो. आणि पासवर्ड तर फळ्यावरच आहे. नव्या WPA3 मध्ये ही फट बुजवलेली आहे. तरी दोन्ही ठिकाणी तुमचं खरं संरक्षण https करतं, फळा नाही.

आता खोट्या वाय-फायकडे. वाय-फायचं नाव कुणीही कुणाचंही ठेवू शकतो. आपल्या फोनच्या हॉटस्पॉटला आत्ता RailWire नाव दिलंत तर फोन अडवणार नाही. फोन वाय-फाय ओळखतो ते मुख्यतः नावावरून. एखाद्या बिनपासवर्डच्या वाय-फायला तुम्ही आधी जोडला असाल आणि आपोआप जोडणी चालू असेल, तर त्याच नावाचं दुसरं यंत्र जवळ आलं की फोन त्यालाही बिनदिक्कत जोडला जातो. अशा नकलेला इंग्रजीत दुष्ट जुळा म्हणतात.

ऑस्ट्रेलियात हे प्रत्यक्ष घडलं. एप्रिल 2024 मध्ये एका विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांना देशांतर्गत विमानात एक संशयास्पद वाय-फाय दिसलं. पर्थच्या विमानतळावर परतलेल्या एका प्रवाशाच्या हातातल्या सामानात पोलिसांना वाय-फाय पसरवणारं एक छोटं यंत्र, लॅपटॉप आणि मोबाइल सापडला. पर्थ, मेलबर्न, ॲडलेड इथल्या विमानतळांवर आणि विमानांत त्याने खऱ्यासारख्या नावांची वाय-फाय उभी केल्याचा आरोप होता. पुढे त्याला तुरुंगवासाची शिक्षाही झाली. यात पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे त्याने काय केलं ही. हवेतून जाणारे कूटबद्ध संदेश फोडण्याच्या भानगडीत तो पडला नाही. त्याच्या वाय-फायला जोडलं की एक पान उघडायचं आणि म्हणायचं: इंटरनेट हवं तर तुमच्या ईमेलने किंवा सोशल मीडियाच्या खात्याने लॉग-इन करा. लोक पासवर्ड स्वतःच्या हाताने टाइप करत होते.

हेच आपल्या फलाटावर आणून पाहू. समजा, मिरज स्टेशनात तुम्ही RailWire ला जोडलात, पण ते कुणाच्या तरी बॅगेतल्या यंत्राचं आहे. पान उघडलं: वर रेल्वेचं चित्र, खाली मोबाइल नंबरची चौकट. इथपर्यंत सगळं नेहमीसारखं. तुम्ही नंबर दिलात. पलीकडे तो नंबर कुणीतरी दुसऱ्या फोनवर व्हॉट्सॲपची नोंदणी करायला वापरला. तुमच्या फोनवर सहा आकडी कोड येतो. तुम्ही ओटीपीची वाट पाहतच आहात, सूचनेच्या पट्टीत आकडे दिसतात आणि बोटं ते पानावर उतरवतात. संपलं. तुमचं व्हॉट्सॲप त्या फोनवर गेलं, आणि थोड्या वेळात तुमच्या मावशीला ‘अडचणीत आहे, तातडीने पैसे पाठव’ असा निरोप जाईल.

इथे https होतं की नव्हतं याला काही अर्थ नाही. व्हीपीएन असतं तरी फरक पडला नसता, कारण लॉग-इनचं पान उघडण्यासाठी व्हीपीएन बंदच ठेवावं लागतं. वाय-फाय तुम्हाला बाहेर सोडत नाही तोवर व्हीपीएनला त्याच्या सर्व्हरपर्यंत पोचताच येत नाही. नेमक्या त्या मिनिटाभरात तुमच्या बाजूला फक्त तुमची नजर असते.

वाचवतो तो एसएमएसचा मजकूर. कोडच्या आजूबाजूला तो कशासाठी आहे हे लिहिलेलं असतं. व्हॉट्सॲपच्या कोडमध्ये व्हॉट्सॲपचं नाव असतं, बँकेच्या ओटीपीत बँकेचं आणि बहुधा रकमेचंही. आकडे सूचनेच्या पट्टीतून उचलायचे नाहीत, एसएमएस उघडून पूर्ण वाचायचा. पाच सेकंद लागतात. दुसरं, पान काय मागतं याची मर्यादा मनात पक्की ठेवायची. नंबर आणि वाय-फायचा ओटीपी, बस. फुकटच्या अर्ध्या तासासाठी कार्डाचे तपशील लागत नाहीत. जीमेलचा पासवर्ड तर कधीच लागत नाही. यूपीआय पिन ब्राउझरमधल्या पानावर टाकायची वस्तूच नाही, तो फक्त यूपीआय ॲपच्या पिनच्या पडद्यावर. आणि ‘वाय-फायसाठी हे ॲप डाउनलोड करा’ किंवा ‘हे सर्टिफिकेट इन्स्टॉल करा’ असं पान म्हणालं तर तिथून सरळ उठायचं. परकं सर्टिफिकेट फोनमध्ये बसवणं म्हणजे https चं कुलूप उघडायची किल्ली स्वतः देणं.

पान खरं की खोटं हे नुसतं बघून ठरवणं अवघड असतं. ब्रिटनमध्ये तर सप्टेंबर 2024 मध्ये खऱ्याच वाय-फायचं पान बिघडवण्यात आलं: लंडन, मँचेस्टर, बर्मिंगहॅमसह एकोणीस मोठ्या स्टेशनांवर लॉग-इनच्या पानावर इस्लामद्वेषी मजकूर झळकला. प्रवाशांची माहिती गेली नाही असं नंतर सांगण्यात आलं, पण अधिकृत नाव म्हणजे विश्वासू पान हा हिशेब तिथे कोसळला. म्हणून पान कुणाचं दिसतं यापेक्षा ते काय मागतं हे बघणं जास्त भरवशाचं.

लॉग-इनचं पान कधी कधी उघडतच नाही आणि लोक वैतागून सगळी बटणं दाबत सुटतात. कारण साधं आहे. वाय-फाय तुमचं पहिलं पान अडवून आपलं पान पुढे करतं, पण https पान अडवलं की ब्राउझर ओरडतो. अशा वेळी ब्राउझरमध्ये neverssl.com टाइप करावं. ही साइट मुद्दाम साधी http ठेवलेली आहे, त्यामुळे वाय-फायला ती अडवता येते आणि लॉग-इनचं पान समोर येतं. फोनमध्ये Private DNS चालू केलेलं असेल तर तेही तेवढ्यापुरतं बंद करावं लागू शकतं.

याच ओरडण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण तो एकमेव इशारा आहे ज्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवावा. ‘Your connection is not private’ असं पान आणि खाली NET::ERR_CERT_AUTHORITY_INVALID असं काहीतरी दिसलं, तर ब्राउझरचं म्हणणं असं असतं: तुम्ही बँक मागितलीत, पण पलीकडून आलेलं प्रमाणपत्र बँकेचं आहे याची मला खात्री नाही. लॉग-इन व्हायच्या आधी हे दिसलं तर बहुधा वरचंच कारण. पान बंद करा, आधी लॉग-इन पूर्ण करा. लॉग-इन झाल्यावरही तेच दिसत राहिलं, तर आधी फोनची तारीख-वेळ बरोबर आहे का बघा, कारण ती चुकली की प्रमाणपत्रं कालबाह्य भासतात. तेव्हा शेवटी DATE_INVALID असे शब्द येतात. तारीख बरोबर असेल तर मधे कुणीतरी आहे असं समजून वाय-फाय तोडा. ‘Advanced’ दाबून ‘Proceed’ करण्याचा मार्ग ब्राउझर कधी कधी देतो. तो वाय-फायवर वापरायचा नाही.

कुलूप दिसतंय म्हणजे साइट प्रामाणिक, असाही एक समज आहे. कुलूप एवढंच सांगायचं की पत्त्याच्या पट्टीत जे नाव आहे त्याच्याशीच तुमचं बोलणं चालू आहे आणि ते कुणी ऐकत नाही. नाव चोराचं असेल तर चोराशी अगदी खासगीत बोलणं चालू आहे. या गैरसमजापायीच क्रोमने 2023 मध्ये कुलपाचं चिन्ह काढून टाकलं. त्यापेक्षा नाव वाचा. रिझर्व्ह बँकेने भारतीय बँकांना .bank.in या पत्त्यावर यायला सांगितलं, त्यासाठी 31 ऑक्टोबर 2025 ही मुदत होती. हे शेपूट फक्त बँकांनाच मिळतं, त्यामुळे ओळखायला सोपं.

मग व्हीपीएनचं काय? जाहिरातींत तर ते चिलखतासारखं दाखवतात. व्हीपीएन प्रत्यक्षात करतं ते असं: तुमची सगळी पाकिटं एका सीलबंद थैलीत भरतं आणि ती थैली थेट व्हीपीएन कंपनीच्या सर्व्हरवरच उघडते. कॅफेवाल्याला पाकिटांवरचे पत्तेही दिसत नाहीत, फक्त थैली दिसते. पत्ते आता व्हीपीएन कंपनीला दिसतात. विश्वास नाहीसा झाला नाही, कॅफेकडून कंपनीकडे गेला.

हा बदल कुठे उपयोगी पडतो? एक, तुमच्या ऑफिसने दिलेलं व्हीपीएन. आतल्या फाइली आणि सर्व्हर त्याशिवाय दिसतच नाहीत, तिथे प्रश्न मिटला. दोन, तुम्ही कोणत्या साइट बघता हे त्या वाय-फायवाल्याला कळू नये असं वाटत असेल तेव्हा. बातमीदार, वकील, आजाराबद्दल वाचणारा माणूस, नोकरी शोधणारा आणि कंपनीच्या गेस्ट-हाउसमध्ये उतरलेला कर्मचारी, यांना तसं वाटणं अगदी रास्त आहे.

तिसरा प्रसंग लोकांच्या लक्षात येत नाही आणि तो लॅपटॉपवाल्यांचा आहे. छोट्या व्यावसायिकांचं स्वतःच्या नावाचं ईमेल असतं. दहा-बारा वर्षांपूर्वी कुणीतरी आउटलुकमध्ये ते जोडून दिलेलं असतं. त्याच्या सेटिंगमध्ये येणाऱ्या मेलचा पोर्ट 110 किंवा 143 असेल आणि एन्क्रिप्शनसमोर ‘None’ असेल, तर दर काही मिनिटांनी मेल तपासताना पासवर्ड हवेतून उघडा जातो. ब्राउझरमध्ये असतं तसं ‘Not secure’ इथे कुणी म्हणत नाही. दुकानातल्या जुन्या कॅमेऱ्याची किंवा हिशेबाच्या सॉफ्टवेअरची http ने चालणारी पानंही याच जातीची. इथे व्हीपीएन कॅफेपुरतं खरोखर वाचवतं. पण खरा उपाय म्हणजे पोर्ट 995 किंवा 993 करून SSL/TLS चालू करणं. पाच मिनिटांचं काम आहे आणि घरीही उपयोगी पडतं.

खोट्या पानावर, खोट्या लिंकवर, भलत्या ॲपवर व्हीपीएनचा काहीही उपयोग नाही. फसवलेला पासवर्ड ते थैलीत घालून चोरापर्यंत सुखरूप पोचवतं. बँकेच्या कामाला त्याची गरज नाही, उलट काही बँकांची ॲप व्हीपीएन चालू दिसलं की उघडायलाच नकार देतात. शिवाय थैलीही अभेद्य नाही. मे 2024 मध्ये संशोधकांनी टनेलव्हिजन नावाची एक युक्ती दाखवली: वाय-फाय चालवणाराच लॅपटॉपला असा रस्ता सांगू शकतो की काही माहिती थैलीच्या बाहेरूनच जाते, आणि व्हीपीएन मात्र चालूच दिसतं. अँड्रॉइडला ही युक्ती लागू पडत नाही, कारण तो ती सूचना पाळतच नाही.

फुकटच्या व्हीपीएनबद्दल माझं मत कडक आहे. फेसबुकने 2013 मध्ये ओनाव्हो नावाची कंपनी विकत घेतली. तिचं फुकट व्हीपीएन लोक सुरक्षिततेसाठी वापरत होते आणि त्याच वाटेने फेसबुकला कळत होतं की लोक प्रतिस्पर्ध्यांची कोणती ॲप किती वापरतात. 2018 मध्ये ते ॲपलच्या स्टोअरमधून हटलं, 2019 मध्ये बंद झालं. कॅफेवाल्याला अर्धा तास दिसलं असतं ते तिथे महिनोन्‌महिने दिसत होतं. भारतात आणखी एक बाब आहे: सर्ट-इनने एप्रिल 2022 मध्ये व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नावं आणि त्यांना दिलेले आयपी पत्ते यांसारख्या नोंदी पाच वर्षं ठेवायला सांगितलं. त्यानंतर काही मोठ्या परदेशी कंपन्यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले. व्हीपीएन घेताना कंपनी कोण, पैसे कुठून मिळवते, हे बघणं भाग आहे. त्याचं उत्तर सापडत नसेल तर उघडं वाय-फाय बरं.

पैशांचं काम असेल तर मी दोन्ही सोडून मोबाइल डेटाकडे वळेन. वाय-फाय बंद करायचं, काम उरकायचं, पुन्हा चालू करायचं. लॅपटॉपला फोनचा हॉटस्पॉट द्यायचा, त्याला स्वतःचा पासवर्ड असतो. ही सोय परदेशी विमानतळावर उतरलेल्या आणि स्थानिक सिम नसलेल्या माणसाला नसते. त्याने तिथल्या वाय-फायवर बँकेचं ॲप वापरायला हरकत नाही. ॲप https चं प्रमाणपत्र स्वतःच तपासतं आणि पत्ता चुकीचा टाइप होण्याचा प्रश्न येत नाही.

गाडी आली की वाय-फायच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या नावावर ‘Forget’ करावं, किमान आपोआप जोडणी बंद करावी. विंडोज लॅपटॉपवर जोडताना ‘Public network’ निवडलं की फाइल शेअरिंग बंद राहतं.

आणि कोड चुकून दिला गेलाच, तर व्हॉट्सॲप लगेच आपल्या फोनवर पुन्हा नोंदवायचं. नवा कोड भरला की चोर बाहेर पडतो. त्याने मधल्या वेळात स्वतःचा पिन बसवला असेल तर तुम्हाला आत जायला सात दिवस थांबावं लागतं, पण तोही आत राहत नाही. आपला पिन आधीच बसवलेला असता तर नुसत्या एसएमएसच्या कोडने त्याचं काम झालंच नसतं: Settings, मग Account, मग Two-step verification. आत आल्यावर ‘Linked devices’ उघडून अनोळखी यंत्रं काढून टाकायची. नातेवाइकांना फोन करून, मेसेज करून नव्हे, सांगायचं की माझ्या नावाने पैसे मागितले तर देऊ नका. कुणी आधीच दिले असतील तर 1930 वर ताबडतोब तक्रार करायला लावायची. रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत कळवलं तर ती गोठवता येण्याची शक्यता असते.